उत्तरापुढचं एक वाक्य

समजा, पुण्यातल्या एका कचेरीत सचिन नावाचा मुलगा नव्याने रुजू झाला आहे. दुपारी सगळ्यांचे डबे उघडतात आणि शेजारी बसलेल्या पाटील मॅडम आपुलकीने चौकशी सुरू करतात.

‘गाव कुठलं तुमचं?’
‘परभणी.’
‘पुण्यात कधी आलात?’
‘दोन वर्षं झाली.’
‘राहायला कुठे?’
‘धायरीला.’
‘एकटेच?’
‘नाही, मित्र आहे बरोबर.’
‘अच्छा.’

यानंतर मॅडम भाजी घेण्याच्या निमित्ताने पलीकडे वळतात. संध्याकाळपर्यंत कचेरीत मत ठरून जातं की मुलगा चांगला आहे, पण जरा तुटकच बोलतो. सचिनला मात्र आपलं काय चुकलं ते कळत नाही. विचारलं त्याचं खरं उत्तर त्याने दिलं, तेही नीट आणि नम्रपणे.

चूक शोधायची तर उत्तरं बाजूला ठेवून एकच गोष्ट मोजावी. विषय कोणी काढले? गाव, पुण्यात येणं, राहण्याची जागा, सोबत हे चारही विषय मॅडमनीच शोधले. प्रत्येक उत्तरानंतर पुढे काय विचारायचं हे त्यांना नव्याने सुचवावं लागलं. चौथ्या खेपेला त्या थकल्या. शिवाय ओळीने चार प्रश्न विचारले की विचारणाऱ्यालाच अवघडल्यासारखं होतं, कारण गप्पा सुरू केल्या होत्या आणि झाली उलटतपासणी.

असं का होतं, याचा अभ्यास गेल्या शतकात बारकाईने झाला आहे. कॅलिफोर्नियातले समाजशास्त्रज्ञ हार्वी सॅक्स यांनी 1960 च्या दशकात लोकांच्या साध्या बोलण्याच्या ध्वनिफिती ऐकून त्या शब्दन्‌शब्द उतरवून काढायला सुरुवात केली. 1974 मध्ये इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांच्यासह त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. गप्पांत बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, हा त्याचा विषय होता. कोण किती बोलणार हे गप्पांत आधी ठरलेलं नसतं. बोलणाऱ्याचं म्हणणं पुरं झाल्यासारखं वाटलं की तिथे पाळी बदलू शकते. प्रश्नाने पाळी समोरच्याला मिळते. ‘परभणी’ एवढं म्हटलं की उत्तर पुरं होतं आणि पाळी पुन्हा विचारणाऱ्याच्या पदरात पडते, पण हाती नवं काहीच येत नाही.

आता तीच दुपार पुन्हा घेऊ. सचिन स्वभावाने तसाच अबोल आहे. फक्त प्रत्येक उत्तरापुढे तो स्वतःचं एकच वाक्य जोडतो.

‘गाव कुठलं तुमचं?’
‘परभणी. आमच्या घरामागेच कृषी विद्यापीठाची शेतं आहेत.’
‘हो का? माझे मामा तिथेच शिकले. मग तुम्ही शेतकीकडे नाही वळलात?’
‘नाही वळलो. वडिलांची फार इच्छा होती, पण मला हिशेबाचं वेड.’
‘आमच्याकडे उलट आहे. मुलीला मी कॉमर्स घे म्हणते आणि ती गच्चीत टोमॅटो लावून बसलीय.’
‘टोमॅटो येतात गच्चीत? आमच्या धायरीच्या खोलीत साधी तुळस जगत नाही.’

इथे सचिन फार बोलला असं कोणी म्हणणार नाही. त्याच्या वाट्याला तीन खेपांत सहा छोटी वाक्यं आली. तरीही राहायला कुठे, हे न विचारताच कळलं. शेवटचा प्रश्न त्यानेच विचारला आणि मॅडमना आपल्या मुलीबद्दल बोलायला मिळालं. ओळ वाढली एकेकच, पण विषय शोधायचं ओझं दोघांत वाटलं गेलं.

हे वाक्य निवडायचं कसं? सचिनच्या पहिल्या उत्तरात ‘घरामागे’, ‘कृषी विद्यापीठ’ आणि ‘शेतं’ अशा धरता येण्याजोग्या तीन गोष्टी आहेत. त्यातली एक मॅडमनी धरली. ‘परभणी. छान गाव आहे’ असं तो म्हणाला असता, तर धरायला काही नव्हतं. ‘छान’ म्हटल्यावर समोरचा ‘असं का’ म्हणून थांबतो. म्हणून जोडवाक्यात एखादी वस्तू, जागा, माणूस किंवा घडलेली गोष्ट असावी. दुसरा भरवशाचा मार्ग म्हणजे ‘पण’. वडिलांची इच्छा होती, पण मला हिशेबाचं वेड. ‘पण’ आला की छोटी गोष्ट तयार होते आणि ऐकणाऱ्याला पुढचं विचारावंसं वाटतं. तिसरा मार्ग कारणाचा. ‘धायरीला राहतो, कारण कचेरीची बस दारातून जाते’ एवढं कारणही रस्ते, गर्दी आणि भाडं यांच्याकडे बोलणं नेऊ शकतं.

मितभाषी माणसाची खरी अडचण मात्र वेगळी असते. ‘हे सगळं घरी गेल्यावर सुचतं, त्या क्षणी नाही,’ असं तो म्हणतो. गप्पांचा वेग खरोखरच फार असतो. 2009 मध्ये दहा भाषांमधल्या बोलण्याची तुलना प्रसिद्ध झाली. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भाग एवढंच अंतर जातं, असं तीत दिसलं. एरवी चित्र पाहून त्यातल्या वस्तूचं नाव उच्चारायलाही मेंदूला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. एवढ्या घाईत दोन वाक्यं एकदम जुळवायला गेलं, तर माणूस गडबडतो आणि एकच शब्द बोलून मोकळा होतो.

म्हणून छोटं उत्तर आधी देऊन टाकावं. ‘परभणी’ म्हणायला विचार लागत नाही आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच दुसरं वाक्य जुळू लागतं. फक्त उत्तराच्या शेवटी आवाज खाली पाडायचा नाही. आवाज पडला की म्हणणं संपलं असा अर्थ होतो आणि समोरचा बोलू लागतो. सूर तसाच धरून ‘परभणी, म्हणजे…’ किंवा ‘परभणी, तसं तर…’ असं म्हटलं की लोक थांबतात. मराठीत ‘म्हणजे’, ‘तसं’, ‘खरं तर’, ‘पण’ हे शब्द त्यासाठीच कामाला येतात. जेफरसन यांनी इंग्रजी संभाषणं तपासली, तेव्हा गप्पांतली शांतता साधारण एका सेकंदापर्यंत चालवून घेतली जाते असं त्यांना दिसलं. तेवढा अवकाश एका वाक्याला पुरतो.

वाक्य जोडूनही बोलणं पुढे सरकलं नाही, तर कारणं बहुधा ठरलेली असतात. ‘परभणी. परभणीचाच मूळचा’ हे वाक्य नवं दिसलं, तरी नवं सांगत काही नाही. ‘चाललंय आपलं’, ‘बाकी काय विशेष नाही’, ‘तुम्हाला तर माहीतच आहे’ ही आपल्या तोंडी बसलेली वाक्यं तर दार लावून घेणारीच आहेत. ती जोडली की उत्तर अधिकच बंद होतं. उलट पहिल्याच भेटीत ‘वडिलांचं आणि माझं गेली पाच वर्षं पटत नाही’ असं सांगितलं, तर समोरच्याला काय बोलावं ते कळत नाही आणि तो घास गिळत ‘अरेरे’ म्हणतो. जोडवाक्याचं वजन प्रश्नाच्या वजनाएवढंच असावं.

ते लागू पडलं की नाही, हे ओळखणं सोपं आहे. समोरच्याने पुढचं बोलताना तुमच्या वाक्यातला एखादा शब्द उचलला का, ते पाहावं. ‘माझे मामा तिथेच शिकले’ यातला ‘तिथे’ सचिनच्या वाक्यातून आला होता. त्याऐवजी मॅडमनी लगेच ‘आणि राहायला कुठे?’ असा कोरा प्रश्न टाकला असता, तर वाक्य वाया गेलं असं समजावं. हार्वर्डमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपण सांगितलेल्यावर पुढचा प्रश्न विचारणारी माणसं लोकांना अधिक आवडतात असं आढळलं. पण पुढचा प्रश्न विचारायला आधी हाताशी काहीतरी सांगितलेलं असावं लागतं. ते पुरवणं उत्तर देणाऱ्याच्या हाती आहे.

अबोल माणसाचा या सवयीत आणखी एक फायदा आहे आणि तो सहसा लक्षात येत नाही. विषयाची दिशा त्याच्या हाती येते. आपल्याकडे लग्न, पगार, मूलबाळ यांची चौकशी पहिल्या भेटीतच होते. ‘लग्न झालं का?’ या प्रश्नाला ‘नाही’ एवढंच म्हटलं, तर पुढचा प्रश्न ‘का?’ हाच येणार. त्याऐवजी ‘नाही अजून. सध्या धाकट्या बहिणीच्या अ‍ॅडमिशनची धावपळ चाललीय’ असं म्हटलं, तर विचारणारा पुष्कळदा कॉलेज, फी आणि मार्क यांच्याकडे वळतो. खोटं काही बोललेलं नसतं आणि प्रश्न टाळल्याचा उद्धटपणाही वाटत नाही. एका शब्दात उत्तर देणारा स्वतःचं खासगीपण जपतो असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात पुढे काय विचारायचं याचा सगळा अधिकार तो समोरच्याला देऊन बसलेला असतो.

ही सवय सगळीकडे चालवायची नाही. कोर्टात उलटतपासणी सुरू असताना साक्षीदाराने विचारलं तेवढंच सांगावं, कारण तिथे जादा वाक्यातूनच नवा पेच निघतो. बँकेच्या खिडकीशी मागे रांग असते, तिथेही तेच. डॉक्टरांपुढे मात्र एक वाक्य जरूर जोडावं, पण ते कामाचं. ‘दुखतंय का?’ याला ‘हो’ म्हणून थांबण्यापेक्षा ‘हो, जिना चढताना जास्त’ हे त्यांना कितीतरी अधिक सांगतं. आणि जिथे गप्पा आपोआप रंगल्या आहेत, तिथे वाक्यं मोजत बसू नये. मुळात भरपूर बोलणाऱ्याला तर याची गरजच नाही. त्याने उलट एक वाक्य कमी करावं.

सराव करायला सगळ्यांत सोपी जागा घरचा फोन आहे. आई रोज विचारते, ‘जेवलास का?’ आणि आपण ‘हो’ म्हणतो. मग ती ‘काय जेवलास?’ विचारते, आपण ‘नेहमीचंच’ म्हणतो आणि दोन मिनिटांत ‘बरं, ठेवते’ होतं. उद्या तिला एवढंच सांगून पाहा, ‘जेवलो. मेसच्या काकूंनी आज शेपूची भाजी केली होती, तुझ्यासारखी नाही जमत त्यांना.’ पुढचं ती बघून घेईल.