रात्रीचा पिवळा चष्मा

तिरुवल्लिकेणीच्या अरुंद रस्त्यांवर रात्री गाडी चालवताना समोरचे पांढरे एलईडी दिवे डोळ्यांत घुसतात. पिवळा चष्मा लावला की ते मवाळ वाटतात, हे खरे. पण ती काच दिव्याचा प्रकाश कापते, तसाच रस्ता ओलांडणाऱ्या माणसावरून येणाराही कापते. आधीच अंधुक असलेला तो माणूस आणखी अंधुक होतो.

बोस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेने २२ जणांना सिम्युलेटरवर बसवून हे तपासले आणि निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. पिवळ्या चष्म्याने पादचारी लवकर दिसला नाही.

त्यापेक्षा गाडीची समोरची काच आतूनही पुसा, समोरून दिवे आले की नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा. दिव्यांभोवती वलये दिसू लागली, तर मोतीबिंदूची तपासणी करून घ्या.