ड्युटी बारा तासांची, मग कापड कोणतं?

चादर आणि टॉवेलचं सोलापूर आता युनिफॉर्मचं शहर म्हणूनही ओळखलं जातं. २०१७ मध्ये इथं युनिफॉर्मचं मोठं प्रदर्शनही भरलं होतं. पण नर्सिंग किंवा डीएमएलटीच्या वर्गात युनिफॉर्मची ग्रुप ऑर्डर निघते, तेव्हा चर्चा बहुतेक रंगाची आणि भावाचीच होते. ‘पॉली-कॉटन घेऊ की प्युअर कॉटन?’ या प्रश्नाला कुणीतरी ‘कॉटनच बेस्ट’ असं ठोकून देतं आणि विषय संपतो. खरं उत्तर मात्र तुमची ड्युटी कुठे आहे आणि कपडे कोण धुतं यावर ठरतं.

घामाचा हिशेब

कापूस हवेतली आणि अंगावरची ओल धाग्याच्या आत घेतो. पॉलिस्टर ती जवळजवळ घेतच नाही. प्रयोगशाळेतल्या प्रमाणित हवेत कोरड्या वाटणाऱ्या सुती कापडात त्याच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओल असते, पॉलिस्टरमध्ये फक्त ०.४ टक्के. तुमचा टॉप आणि पँट मिळून ४०० ग्रॅमचे धरा. शुद्ध सुती जोडी ३४ ग्रॅम ओल सहज सामावून घेते. ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के कापूस असलेली जोडी साधारण १३ ग्रॅमवरच थांबते. पंखा गरगरतोय, वॉर्ड भरलाय, बाहेर मे महिन्याचं ऊन आहे, अशा वेळी हा फरक पाठीला नक्की कळतो.

पण बारा तासांत घाम यापेक्षा कितीतरी जास्त येतो. एकदा कापड पूर्ण भिजलं की कापूस ती ओल लवकर सोडत नाही. ओल्या सुती कपड्यात थेट एसीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेलात तर हुडहुडी भरते. शिवाय जाड सुती ड्रिलपेक्षा पातळ, हवा खेळणारं मिश्र कापड जास्त सुखाचं वाटू शकतं. म्हणून नुसता धागा नको, कापडाचं वजनही विचारा. दुकानदार त्याला ‘जीएसएम’ म्हणतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन.

धुणं कुणाकडे?

हॉस्टेलवर बादलीत धुणाऱ्यांसाठी पॉली-कॉटनची बाजू इथं भक्कम होते. ते लवकर वाळतं, इस्त्री कमी लागते आणि आटतही कमी. सुती कापड पाच टक्के आटलं तर १०० सेंटीमीटरची पँट ९५ ची होते, म्हणजे घोट्याच्या वर! पावसाळ्यात दोनच जोड सुती असतील तर रात्री धुतलेला सकाळी दमट निघतो. सुती घेणार असाल तर तिसरा जोड धरूनच खर्च काढा. उलट पॉलिस्टरमध्ये घामाचा तेलकट वास चिकटून राहतो. त्यामुळे ड्युटीवरून आल्यावर कपडे पिशवीत कोंबून ठेवू नका, लगेच भिजवा.

लॅबमध्ये बर्नर असेल तर

लॅब टेक्निशियनसाठी अजून एक गोष्ट महत्त्वाची. सुती कापड पेट घेतं, पण वितळत नाही. पॉलिस्टर साधारण २५० ते २६० अंशांना वितळतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. दोन्ही मिसळलेलं कापड सुरक्षित असेलच असं नाही, कारण जळलेल्या कापसाचा सांगाडा वितळलेल्या पॉलिस्टरला धरून ठेवतो आणि आग चालू राहते. उघड्या ज्योतीजवळ काम असेल तर अंगावर सुती कोट बरा. तरीही कापूस पेटतोच, म्हणून सैल बाह्या ज्योतीपासून दूर हव्यातच.

लेबलवर विश्वास किती?

‘पॉली-कॉटन’ या शब्दातून काहीच कळत नाही. पॉलिस्टर ६५ टक्के की कापूस ६५ टक्के, हे विचारा. मग ऑर्डर देण्याआधी नमुन्याचा तुकडा मागून घ्या. त्यातला एक धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे कापूस. आक्रसून कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर. दोन्ही दिसलं तर मिश्रण, पण टक्केवारी यातून कळत नाही.

उरलेल्या तुकड्यावर ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा, तीनदा धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. ४७.५ भरला तर पाच टक्के आटलं. मग धुतलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. नव्या कापडावर खळ असते म्हणून हे धुतल्यावरच करायचं. थेंब पटकन पसरला तर घामही पसरेल.

थोडक्यात सांगायचं तर बिनएसी वॉर्ड असेल आणि कपडे वाळायला गच्ची असेल तर पातळ सुती घ्या. एसी विभाग, हॉस्टेलची बादली आणि दोनच जोड असतील तर कापूस जास्त असलेलं मिश्रण घ्या. आणि ‘६५-३५’ असं दुकानदार म्हणाला की लगेच विचारा, ‘यातलं ६५ काय?’