तीन वायरी आणि सहा अदलाबदली

विहिरीवरची थ्री फेज मोटर उलटी फिरायला लागली, की वायरमन तीन वायरींपैकी कुठल्याही दोनांची अदलाबदल करतो आणि मोटर सुलट फिरते. पुन्हा दोन बदलल्या तर पुन्हा उलटी. मात्र तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवल्या, तर दिशा बदलत नाही. तीन वायरी लावण्याच्या एकूण सहा तऱ्हा: तीन सुलट, तीन उलट.

या सहा अदलाबदलींच्या कुटुंबाला गणितात गट म्हणतात. एकामागून एक दोन अदलाबदली केल्या तरी निघते ती या सहांपैकीच एक, आणि केलेली प्रत्येक अदलाबदल परत फिरवता येते. आता वायरींच्या जागी (७, २, ३) असं आकड्यांचं त्रिकूट घ्या. गटातली प्रत्येक अदलाबदल या आकड्यांच्या जागा बदलते. अशा सगळ्या त्रिकुटांचा मिळून तीन मितींचा एक अवकाश होतो. बेरीज आणि पट यांना धक्का न लावता गट एखाद्या अवकाशावर असा काम करू लागला, की त्याला त्या गटाचं रिप्रेझेंटेशन म्हणतात.

या अवकाशाचे असे तुकडे पाडता येतील का, की सहाही अदलाबदली केल्या तरी प्रत्येक तुकडा आपल्या जागीच राहील? आणि ते तुकडे आणखी फोडता येणार नाहीत इथपर्यंत जाता येईल का? सान्त गटांसाठी याचं होकारार्थी उत्तर हाइनरिश माश्के या जर्मन गणितज्ञाच्या नावानं ओळखलं जातं. ब्रेस्लाऊमध्ये जन्मलेला माश्के १८९१ साली अमेरिकेत गेला, काही काळ विद्युत उपकरणांच्या कंपनीत काम करून शिकागो विद्यापीठात शिकवू लागला आणि १८९९ साली त्यानं हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आज पाठ्यपुस्तकांत दिसणारी त्याची सिद्धता जेमतेम अर्ध्या पानाची असते आणि तिचा सगळा भार सरासरीवर असतो.

एक तुकडा तर समोरच आहे. (४, ४, ४) सारखी तिन्ही आकडे समान असलेली त्रिकुटं कशीही अदलाबदल केली तरी तशीच राहतात. ही झाली एक रेषा. अडचण उरलेल्या भागाची आहे. रेषेला जोडून अवकाश पुरा करणारी प्रतलं असंख्य आहेत, पण त्यातलं बहुतेक प्रतल गटाच्या हाताखाली टिकत नाही.

मुद्दाम एक वाईट निवड करून पाहू. कुठलंही त्रिकूट आलं की पहिला आकडा घ्यायचा आणि तोच तीनदा लिहायचा. (७, २, ३) चं (७, ७, ७) होतं. हा रेषेवरचा प्रक्षेप आहे, कारण उत्तर नेहमी रेषेवर पडतं आणि आधीच रेषेवर असलेलं त्रिकूट जागचं हलत नाही. उरतं ते (०, −५, −४), म्हणजे पहिला आकडा शून्य असलेल्या प्रतलातलं त्रिकूट. त्यात पहिल्या दोन आकड्यांची अदलाबदल केली की (−५, ०, −४) येतं, आणि पहिला आकडा शून्य राहत नाही. पहिल्या जागेचे उगाच लाड केल्याचा हा परिणाम.

उपाय असा: आधी एक अदलाबदल करा, मग हाच पक्षपाती प्रक्षेप लावा, मग ती अदलाबदल परत फिरवा. सहाही अदलाबदलींसाठी हे करा आणि येणाऱ्या सहा उत्तरांची सरासरी काढा. (७, २, ३) साठी तिहेरी ७ दोनदा, तिहेरी २ दोनदा आणि तिहेरी ३ दोनदा येतात. बेरीज २४, भागिले ६, म्हणजे (४, ४, ४). उरतं (३, −२, −१). त्याची बेरीज शून्य आहे, आणि आकडे कसेही फिरवले तरी ती शून्यच राहणार. पक्षपाती प्रक्षेपातून अखेर साधी सरासरी निघाली आणि टिकणारं प्रतलही हाती आलं.

हे या उदाहरणापुरतं नाही. कुठल्याही सान्त गटासाठी आणि जागीच राहणाऱ्या कुठल्याही तुकड्यासाठी हीच कृती चालते. सहा उत्तरांपैकी प्रत्येक त्या तुकड्यातच पडतं, कारण प्रक्षेप तिथे नेऊन ठेवतो आणि अदलाबदल तिथून बाहेर काढत नाही. म्हणून सरासरीही तिथेच. तुकड्यात आधीच असलेलं त्रिकूट जाऊन परत स्वतःवरच येतं, म्हणून सरासरीसुद्धा प्रक्षेपच राहते. आणि मुख्य म्हणजे, गटातली कुठलीही अदलाबदल सरासरीच्या आधी केली काय नि नंतर केली काय, फरक पडत नाही. बेरजेतल्या पदांचा फक्त क्रम बदलतो. हजेरी उलट्या क्रमानं घेतली तरी पटावरची मुलं तीच असतात. त्यामुळे सरासरी ज्यांना शून्य करते, त्यांना गट हलवला तरी ती शून्यच करते. तोच दुसरा तुकडा. मग दोन्ही तुकड्यांवर पुन्हा हीच कृती करायची. दर वेळी मिती घटते, त्यामुळे हे फोडणं कुठेतरी थांबतंच.

बेरीज शून्य असलेलं आपलं प्रतल आणखी फुटतं का? इथे थ्री फेज वीज मदतीला येते. फेजमधल्या प्रवाहाला परिमाण असतं तसा कोनही असतो, म्हणून इंजिनिअर तो संमिश्र संख्येनं लिहितात. नुसत्या एकेक घर सरकवण्याच्या तीन क्रियांचा छोटा गट घेतला, तर वास्तव संख्यांत त्या क्रिया प्रतलाला १२० अंशांनी फिरवतात आणि कुठलीच रेषा जागेवर राहत नाही. संमिश्र संख्यांत मात्र १२० अंशांनी फिरवणं हा निव्वळ एका संख्येनं गुणाकार ठरू शकतो, आणि प्रतल दोन रेषांत फुटतं: एकीत तीन फेज सुलट क्रमानं येतात, दुसरीत उलट क्रमानं. सहाच्या मोठ्या गटात मात्र दोन वायरींची अदलाबदल या दोन रेषा एकमेकींत बदलते. मोटर उलटी फिरते ती यामुळेच. म्हणून मोठ्या गटासाठी प्रतल अखंड राहतं.

वेस्टिंगहाऊस कंपनीतल्या चार्ल्स फोर्टेस्क्यूनं १९१८ साली असमतोल थ्री फेज प्रवाहाची हीच फोड मांडली. तिन्ही प्रवाहांची सरासरी म्हणजे झिरो सीक्वेन्स, जो न्यूट्रलमधून किंवा जमिनीतून परततो. सुलट क्रमाचा भाग पॉझिटिव्ह आणि उलट क्रमाचा निगेटिव्ह. एखादा फेज ढिला पडला की निगेटिव्ह सीक्वेन्स वाढतो, मोटरमध्ये उलट फिरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि रोटर तापतो. संरक्षक रिले हा भाग वेगळा काढूनच बिघाड ओळखतात.

ही सरासरी कुठे फसते तेही पाहायला हवं. गट अनंत असला तर भागायचं कितीनं? (x, y) ला (x + y, y) करणारी सरक घ्या. आडवी रेषा जागेवर राहते, पण तिला पूरक ठरेल अशी जागची न हलणारी दुसरी रेषाच नाही. शून्यापासून एकेक पाऊल पुढे टाकत सरासरी काढत गेलं, तर ती कुठेच स्थिरावत नाही, वाहवतच जाते.

दुसरा फसवा प्रदेश म्हणजे ३ ची बाकी हीच संख्या मानणारं अंकगणित. तिथे १ + १ + १ = ०, म्हणून ३ नं किंवा ६ नं भागताच येत नाही. (१, १, १) ची बेरीज तिथे शून्य होते, म्हणजे आपली रेषा त्याच प्रतलाच्या आत जाऊन बसते. जागचं न हलणारं दुसरं प्रतल शोधायला गेलं तर तिथे ते सापडतच नाही.