विडी सुटली, पण गोळीचा डोस तोच राहिला

सिगारेट सोडून चार-पाच दिवस झालेला माणूस तक्रार करतो की रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं, हात थरथरतात, उगाच चिडचिड होते. घरचे समजावतात, तलफ आहे, जाईल आठवड्याभरात. त्यात तलफेचा भाग असतोच. पण निकोटिन सुटल्यावर नाडी साधारणपणे थोडी मंदावते. म्हणून धडधड आणि थरथर जाणवत असेल, तर हा माणूस दिवसाला किती चहा-कॉफी पितो हेही विचारायला हवं. चहा त्याने वाढवलेला नसतो. पूर्वीइतकाच चहा आता त्याच्या रक्तात जास्त वेळ टिकतो आहे.

चहा-कॉफीतलं कॅफिन शरीराबाहेर जाण्याआधी यकृतात मोडलं जातं. ते काम जवळजवळ संपूर्णपणे एकच एन्झाइम करतं, त्याचं नाव सीवायपी१ए२. तंबाखू जळताना धुरात पॉलीसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाची रसायनं तयार होतात. ती यकृताच्या पेशींना हे एन्झाइम जास्त बनवायला लावतात. धूम्रपान न करणाऱ्याच्या रक्तातलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, तर सिगारेट ओढणाऱ्याला तीन-साडेतीन तास पुरतात. धूर बंद झाला की जादा एन्झाइम काही दिवसांत ओसरतं, आणि तेवढ्याच कपांमध्ये रक्तातलं कॅफिन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. दिवसाला सहा कप पिणाऱ्याला बारा कप प्यायल्यासारखं वाटतं, ते यामुळे. धूम्रपान सोडताना चहा-कॉफी निम्मी करावी, असा सल्ला म्हणूनच दिला जातो. टपरीवर चहा आणि सिगारेट एकत्र घेणाऱ्यांना तो पाळणं जड जातं, पण पहिल्या आठवड्यात त्याचा उपयोग खरोखर होतो.

हा सगळा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही, ही गोष्ट अनेकदा निसटते. निकोटिनचा पॅच लावला किंवा च्युइंगगम चघळलं तर तलफ भागते, पण यकृतावरचा धुराचा प्रभाव जायचा तो जातोच. गुटखा तोंडाला कितीही घातक असला तरी त्यात जळलेला धूर नसतो, त्यामुळे हे एन्झाइम त्याच्याने वाढत नाही. विडीत तंबाखू जळतो, म्हणून ती सिगारेटच्याच बाजूला.

कॅफिनच्या बाबतीत बिघडलं तर झोप बिघडते. पण याच एन्झाइमवर अवलंबून असलेली काही औषधं आहेत, आणि तिथे रक्तातली पातळी दुप्पट होणं परवडत नाही. त्यांतलं सर्वांत काळजीचं औषध म्हणजे क्लोझापिन. स्किझोफ्रेनियाच्या ज्या रुग्णांना दुसऱ्या औषधांनी गुण येत नाही, त्यांना ते दिलं जातं, आणि या रुग्णांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण खूप असतं.

उदाहरण म्हणून असा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. चाळिशीचा, दिवसाला एक पाकीट सिगारेट ओढणारा, रोज ४५० मिलिग्रॅम क्लोझापिन घेणारा. औषध चांगलं लागू पडलं आहे, रक्तातली पातळी मिलिलिटरला ४०० नॅनोग्रॅम, म्हणजे हवी तशी. हा डोस त्याच्या डॉक्टरांनी सिगारेट चालू असतानाच ठरवला होता. आता तो न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल होतो. वॉर्डात धूम्रपान बंद, गोळ्या मात्र घरून आलेल्या चिठ्ठीप्रमाणे चालू. दोन दिवसांत वाढीव एन्झाइम निम्म्याच्या खाली येतं, आठवड्याभरात जवळपास संपतं. शिवाय मोठ्या जंतुसंसर्गात शरीर स्वतःच हे एन्झाइम कमी बनवतं. त्यातच कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सुरू केलं, तर ते उरलेल्या एन्झाइमलाही अडवतं. तीन बाजूंनी एकच दार बंद होतं. पातळी ८०० किंवा हजाराच्या पुढे गेली तर नवल नाही.

बाहेरून काय दिसतं? रुग्ण दिवसभर झोपलेला, हाक मारली की जेमतेम ओ देतो. लाळ इतकी गळते की उशीचा अभ्रा सकाळी ओला असतो. उठून उभं राहिलं की तोल जातो, कारण रक्तदाब खाली येतो. शौचाला चार दिवस झालेलं नाही, पोट फुगलेलं. हातापायांना मधूनच झटके बसतात, आणि हे झटके फिट येण्याची पूर्वसूचना असू शकतात. आजारपणाचा थकवा म्हणून हे सहज सोडून दिलं जातं. यातली बद्धकोष्ठता मला सर्वांत फसवी वाटते. क्लोझापिनमुळे आतड्यांची हालचाल थांबून जीव गेल्याच्या नोंदी आहेत, आणि पोट साफ झालं का हा प्रश्न नातेवाईक संकोचाने विचारत नाहीत.

इथे आणखी एक गैरसमज असतो. क्लोझापिन घेणाऱ्यांची रक्ततपासणी नियमित होते, त्यामुळे घरच्यांना वाटतं, रक्त तपासलं की सगळं कळतं. ती तपासणी पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना हे पाहते. रक्तात औषध किती आहे हे त्यात दिसत नाही. त्यासाठी पातळीची वेगळी तपासणी सांगावी लागते, आणि तिचं रक्त रात्रीच्या डोसनंतर सुमारे बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी काढतात. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये डॉक्टरांना धूम्रपान सोडताना ही पातळी तपासण्याची आठवण करून दिली होती.

ठरवून सिगारेट सोडायची असेल तर आधी पातळी पाहून घेतात. मग पहिले चार दिवस डोस रोज साधारण दहा टक्क्यांनी उतरवत नेण्याची पद्धत आहे आणि आठवड्याने पातळी पुन्हा पाहतात. आकडा प्रत्येकाचा वेगळा निघतो, म्हणून हे मानसोपचारतज्ज्ञानेच करायचं. घाबरून गोळ्या आपल्या मनाने थांबवणं तर अजिबात नको. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर क्लोझापिन पुन्हा अगदी साडेबारा मिलिग्रॅमपासून चढवत न्यावं लागतं. आणि सिगारेटी वीसवरून दहावर आणल्याने फारसा फरक पडत नाही, कारण दिवसाला सात ते बारा सिगारेटींतच एन्झाइम जवळपास पूर्ण वाढलेलं असतं. खरा बदल शेवटच्या काही सिगारेटी सुटताना होतो.

ओलान्झापिनच्या बाबतीतही असंच घडतं, जरा सौम्यपणे. दम्यासाठी आणि सीओपीडीसाठी आपल्याकडे अजून बरंच वापरलं जाणारं थिओफायलिन मात्र सावधगिरीचं औषध आहे. धूम्रपान सोडल्यावर आठवड्यातच ते शरीराबाहेर पडण्याचा वेग एक तृतीयांशाहून जास्त घटतो. मळमळ, उलटी, धडधड सुरू झाली तर पित्त म्हणून सोडून देऊ नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. बाकी बहुतेक रोजच्या गोळ्यांना, उदाहरणार्थ मेटफॉर्मिन, अ‍ॅम्लोडिपिन किंवा अ‍ॅटोरव्हास्टॅटिनला, या एन्झाइमशी देणंघेणं नाही.

आपला न्यूमोनियाचा रुग्ण बरा होऊन, कमी केलेल्या डोसवर घरी जातो आणि पुन्हा सिगारेट पेटवतो. आता उलटं चक्र सुरू होतं. आठवड्या-दोन आठवड्यांत एन्झाइम पूर्ववत वाढतं, पातळी खाली येते, आणि काही आठवड्यांनी त्याला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागतात. गोळ्या नियमित चालू असूनही हे का झालं, हे डॉक्टरांना तेव्हाच उमगतं, जेव्हा कुणीतरी त्यांना सांगतं की सिगारेट परत सुरू झाली आहे.