रात्रपाळीतला नववा तास

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ मागे सरकून पुन्हा एकवर येतं. शनिवारी रात्री अकराला कामावर आलेली परिचारिका सकाळी सातला सुटते. नुसती वजाबाकी केली तर आठ तास. पण वॉर्डात ती नऊ तास उभी असते. तिथला केंद्रीय कायदा प्रत्यक्ष काम मोजतो, म्हणून पगार नऊ तासांचा द्यावाच लागतो. आठवड्यात पाच पाळ्या झाल्या तर ४१ तास भरतात. चाळिसाच्या पुढचा तास दीडपट दराचा, म्हणजे ताशी २० डॉलर असतील तर ३०. त्या आठवड्याची पगारपावती तिने जरूर तपासावी. मार्चमध्ये उलट होतं: काम सातच तास, आणि करारात नसेल तर आठव्याचे पैसे मालकाच्या मर्जीवर.