चूक नसताना 'चुकलो' का म्हणतो?



लोकलच्या गर्दीत दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडतो आणि 'सॉरी' आपणच म्हणतो. स्वयंपाकघरात ताट पडल्याचा आवाज होतो आणि ताटाला हातही न लावलेली मुलगी 'चुकलं, आई' म्हणून मोकळी होते. अशा माफीने कोणाचे फारसे बिघडत नाही. पण हीच सवय नोकरीच्या ठिकाणी कागदावर उतरली तर काय होते, ते मी जवळून पाहिले आहे.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एका खासगी गोदामात मदतनीस होते. एके सकाळी खाद्यतेलाच्या डब्यांची मोजणी झाली. नोंदवहीत १६० डबे शिल्लक होते, प्रत्यक्षात भरले १४८. सुपरवायझर चिडून म्हणाला, "तुझ्या पाळीत बारा डबे कमी झाले." यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "चुकलं साहेब, माफ करा." सुपरवायझर लगेच शांत झाला. म्हणाला, "एवढं लिहून दे, म्हणजे इथल्या इथे मिटेल." यांनी कोऱ्या कागदावर लिहिले : 'माझ्याकडून चूक झाली. पुन्हा होणार नाही. माफी असावी.' खाली सही केली. तीन आठवड्यांनी हातात आरोपपत्र पडले आणि त्याला हाच कागद पुरावा म्हणून जोडला होता.

ते माझ्याकडे आले तेव्हा मी विचारले, "डबे तुम्ही नेले नाहीत, मोजणीही तुमच्याकडे नव्हती. मग माफी कशाची मागितली?" ते म्हणाले, "तोंडातून निघून गेलं. साहेब रागावले होते. आणि नंतर वाटलं, माझंच लक्ष नसेल." या तीन वाक्यांतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

पहिले वाक्य, 'तोंडातून निघून गेलं'. माफी हा शब्द आपल्याला लहानपणापासून उपयोगी पडत आलेला असतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पावसाच्या दिवशी रेल्वे स्थानकावर एक माणूस अनोळखी लोकांकडे फोन करण्यासाठी मोबाईल मागत होता. नुसता मागितला तेव्हा शंभरातल्या ९ जणांच्या प्रमाणात लोकांनी दिला. 'पाऊस पडतोय, माफ करा' असे आधी म्हटल्यावर हे प्रमाण ४७ झाले. पाऊस काही त्याने पाडला नव्हता. पण ऐकणाऱ्याला वाटले, हा माणूस आपली अडचण जाणतो. ज्या शब्दाने समोरचा पटकन मऊ होतो, तो शब्द जिभेवर बसतोच.

दुसरे वाक्य, 'साहेब रागावले होते'. येथे माफी ही चुकीची कबुली नसते, राग थांबवण्याची धडपड असते. ज्याच्या हातात आपली रोजीरोटी आहे त्याच्यापुढे ती अधिक लवकर निघते. आपल्या वाडवडिलांना तर गावात 'जोहार मायबाप' म्हणत, कोणी काही बोलण्याआधीच वाकावे लागे. बाबासाहेबांच्या चळवळीने तो जोहार घालवला आणि त्या जागी 'जयभीम' आणला. शब्द गेला, पण मोठा आवाज ऐकताच मान खाली घालण्याची सवय अजून आपल्यापैकी अनेकांच्या अंगात आहे.

तिसरे वाक्य सर्वांत धोक्याचे : 'माझंच लक्ष नसेल'. हे दुबळ्या किंवा अडाणी माणसाचेच होते असे समजू नका. १९९६ साली सॉल कॅसिन आणि कॅथरीन कीचेल यांनी अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. संगणकावर अक्षरे टाइप करायची, पण एक ठरावीक बटण दाबायचे नाही, नाहीतर संगणक बंद पडेल, असे त्यांना बजावले. थोड्या वेळाने संगणक मुद्दाम बंद पाडला आणि 'तू ते बटण दाबलेस' असा आरोप केला. कोणीही बटण दाबले नव्हते. तरी शंभरात ६९ जणांनी कबुलीवर सही केली. ज्यांना घाईने टाइप करायला लावले होते आणि 'मी याला बटण दाबताना पाहिले' असे सांगणारा खोटा साक्षीदारही उभा केला होता, त्या गटात तर प्रत्येकाने सही केली. त्यांच्यातील निम्म्याहून अधिक जणांना खरोखरच वाटू लागले की बटण आपणच दाबले. घाईत नेमके काय झाले ते आठवत नाही आणि समोरचा ठामपणे सांगतो, तेव्हा माणूस स्वतःवरचा विश्वास सोडतो. गोदामातली सकाळची घाई आणि सुपरवायझरचा ठाम आवाज, दोन्ही येथे होतेच.

आता कागदाचे पाहू. कामगाराने आरोप स्पष्ट शब्दांत कबूल केला, तर वेगळा पुरावा घेण्याची गरज उरत नाही, असे न्यायालये मानत आली आहेत. मात्र कबुली स्पष्ट आणि निःसंदिग्ध नसेल तर रीतसर चौकशी झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली सांगितले आहे. आमच्या गृहस्थांच्या कागदात 'चूक' होती, पण कोणती चूक ते नव्हते. त्या एका मुद्द्यावर चौकशी मिळाली.

चौकशीत आम्ही आदल्या दिवसाची चलने आणि गेटपास मागितले. संध्याकाळी साडेसहाचा एक गेटपास निघाला, बारा डब्यांचा. माल रीतसर गिऱ्हाइकाकडे गेला होता, त्याची नोंद तेवढी वहीत चढायची राहिली होती. म्हणजे १६० मधून १२ वजा केले की बरोबर १४८. एकही डबा हरवला नव्हता. आरोप मागे घेतला गेला. पण 'चूक झाली' हा कागद त्यांच्या फाइलीत तसाच राहिला. पुढे बढतीच्या वेळी त्याचीच आठवण काढली गेली.

म्हणून कारकून या नात्याने मला एवढे सांगायचे आहे. तोंडातून 'सॉरी' निघाले तर निघू द्या, ते एका दिवसात जाणार नाही. पण त्याच बैठकीत कागदावर काही लिहू नका. 'उद्या लिहून देतो' म्हणा. नोटीस हातात आली तर सहीपुढे 'प्रत मिळाली' आणि तारीख लिहा, 'मान्य' लिहू नका. उत्तरात, झाल्या प्रकाराचे वाईट वाटते असे लिहायला हरकत नाही. पण पुढे स्पष्ट लिहा : 'यात माझी चूक नाही. संबंधित नोंदवही व गेटपास पाहण्यास मिळावेत.' उत्तराची प्रत पोच घेऊन घरी ठेवा. आणि खरेच आपल्या हातून काही झाले असेल, तर जे केले तेवढेच नेमके लिहा. 'चूक झाली' या मोघम शब्दात पुढे काहीही बसवता येते.

याची सुरुवात घरात होते. शाळेतून तक्रार आली की आपण मुलाला आधी म्हणतो, "बाईंची माफी माग." त्याऐवजी आधी विचारावे, "काय झालं ते पहिल्यापासून सांग." त्याची चूक निघाली तर माफी मागायला त्याच्याबरोबर जावे, नाही निघाली तर तसे बाईंना सांगायलाही त्याच्याबरोबर जावे. आमचे ते गृहस्थ आता आपल्या नातवाला असेच विचारतात. परवा त्यांच्याकडे गेलो होतो. पाण्याचा तांब्या सांडला तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, तुमचा पाय लागला." आजोबांनी निमूट फडके आणले.