चेहऱ्याचे तेज : झोप, पाणी, भाकरी आणि पापणीच्या आतला रंग

वसमत, कळमनुरी भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद काढणी आणि शिजवणी जोरात असते. कढईजवळचा धूर, वाफ आणि वरून ऊन. या हंगामानंतर बाह्यरुग्ण विभागात एक तक्रार हमखास येते, ‘चेहरा काळवंडलाय, तेज गेलंय.’ सोबत इलाजही केलेले असतात. कोणी दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पीत असते, कोणी हळद-दुधाचा लेप लावत असते, तर कोणी मैत्रिणीने दिलेली ट्यूब.

तेज म्हणजे नेमके काय? त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात ओलावा असेल तर तो गुळगुळीत राहतो आणि प्रकाश नीट परावर्तित करतो. त्याच्या खाली बारीक रक्तवाहिन्यांतून वाहणाऱ्या रक्ताचा लालसर रंग असतो. या दोन्हींच्या जोडीला त्वचेचे मूळ रंगद्रव्य असते. चेहरा निस्तेज दिसतो तेव्हा या तिघांपैकी काय बिघडले, हे आधी ठरवावे लागते. कारण झोप, पाणी आणि अन्न तिघांवर सारखे काम करत नाहीत, आणि रंगद्रव्यावर तर जवळजवळ करतच नाहीत.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. तिशीतली, दोन मुलांची आई, शेतमजुरी करणारी. चेहरा राखट दिसतो, जिना चढताना धाप लागते, केस गळतात. सावळ्या त्वचेत रक्त कमी झाले की चेहरा पांढराफटक पडत नाही, मळकट किंवा राखी दिसतो. म्हणून ‘काळी पडले’ असे वाटते. खालची पापणी ओढून आतला भाग पाहिला, जीभ आणि तळहात पाहिले, तर तिथे रंग फिका दिसतो. हिमोग्लोबिन 8.2 निघते. गरोदर नसलेल्या स्त्रीला ते किमान 12 हवे. ही अपवादात्मक बाई नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

या बाईला ‘गूळ-शेंगदाणे खा’ एवढे सांगून भागत नाही. गुळातले लोह थोडे, आणि 8 वर आलेले हिमोग्लोबिन केवळ आहाराने भरून काढायला फार काळ जातो. तिला लोहाच्या गोळ्याच लागतात. सरकारी दवाखान्यातली लोह-फॉलिक ॲसिडची गोळी 60 मिलिग्रॅम लोहाची असते, मोफत मिळते, आणि उपचाराचा डोस डॉक्टर ठरवतात. शौचास काळे होते, कधी मळमळते. त्याला घाबरून गोळ्या चुलीमागे पडून राहतात. मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घेतली तरी चालते.

आहाराचा खरा उपयोग इथे गोळीला साथ देण्यात आहे. ज्वारीच्या भाकरीत लोह असते, पण त्यातल्याच फायटेट नावाच्या घटकामुळे ते शरीरात कमी शोषले जाते. त्यावर जेवण होताच कपभर चहा घेतला तर शोषण आणखी घटते. शेतावर भाकरी आणि लगेच चहा ही आपली रीतच आहे. चहा सोडायचा नाही, फक्त जेवणापासून आणि गोळीपासून एक-दीड तास लांब न्यायचा. जेवताना लिंबू पिळायचे किंवा आवळ्याची फोड खायची. मोड आलेली मटकी, हरभऱ्याची भाजी, आणि घरी चालत असेल तर अंडी-मटण.

महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासायचे. साधारण 1 ग्रॅम वाढ दिसायला हवी. या हिशेबाने 8.2 वरून 12 वर यायला सुमारे चार महिने लागतात, आणि त्यानंतरही शरीरातला साठा भरण्यासाठी गोळ्या आणखी तीन महिने चालू ठेवायच्या. वाढ झालीच नाही, तर आधी गोळ्या खरोखर पोटात गेल्या का हे विचारायचे. मग पाळीत रक्तस्राव जास्त आहे का, पोटात जंत आहेत का, बी-12 कमी आहे का, हे पाहायचे. शुद्ध शाकाहारी घरांत बी-12 ची उणीव विसरून चालत नाही. तिच्यात चेहरा फिका पडतो, आणि बोटांच्या सांध्यांवरची कातडी मात्र काळी पडते.

पाण्याबद्दल बरेच गैरसमज आहेत. ज्याच्या शरीरात पाणी पुरेसे आहे, त्याने दोन लिटर जास्त प्याले तर ते लघवीवाटे जाते, गालावर येत नाही. वरच्या थरातला ओलावा टिकवतात तिथली स्निग्धद्रव्ये. कडकडीत पाण्याने आंघोळ आणि भरपूर साबण यांनी तीच धुऊन जातात. थंडीत गाल तडतडत असतील तर कोमट पाण्याची आंघोळ आणि अंग ओलसर असतानाच थोडे खोबरेल तेल, हे जादा तांब्याभर पाण्यापेक्षा कामाचे. मात्र उन्हाळ्यात कढईपाशी किंवा रानात राबणाऱ्याला पाणी खरोखर कमी पडते. खूण सोपी आहे. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसे, गडद पिवळी आणि थोडी असेल तर कमी. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांनी सांगितलेलेच माप पाळावे.

झोपेचा परिणाम खरा आहे, पण छोटा. स्वीडनमधील संशोधकांनी 2010 साली 23 तरुणांचे फोटो दोनदा काढले, एकदा पुरेशा झोपेनंतर आणि एकदा दीर्घ जागरणानंतर. 65 अनोळखी लोकांनी ते पाहून जागरणानंतरचे चेहरे जास्त थकलेले आणि कमी निरोगी ठरवले. फरक दिसला, पण रूप पालटले नव्हते. शिवाय ‘आठ तास झोपा’ हा सल्ला रात्रीच्या विजेवर मोटार चालवणाऱ्याला देणे सोपे नाही. रात्रपाळीचे पाणी असेल त्या आठवड्यात दुपारी तास-दीड तास अंधाऱ्या खोलीत झोपून काही भरपाई होते. डोळ्यांखालची काळी वर्तुळे मात्र आपल्याकडे बरेचदा घराण्यातूनच आलेली असतात. ती झोपेने पुसली जात नाहीत.

आता रंगद्रव्याकडे. गालांवर, कपाळावर तपकिरी चट्टे असतील तर ते बहुधा वांग. बाळंतपण, हार्मोनच्या गोळ्या आणि ऊन हे त्यामागचे मोठे हात. पाणी, फळे, झोप यांनी वांग जात नाही. रुंद पदर, टोपी आणि सनस्क्रीन यांनी निदान वाढत नाही. हळदीचा लेप लावल्यावर दिसणारा उजळपणा हा हळदीच्या पिवळ्या रंगाचा आणि सोबतच्या तेलाचा असतो. दोन-तीन धुण्यांत तो उतरतो. वसमतच्या हळदीचे नाव मोठे आहे, पण तिचे काम स्वयंपाकघरात.

खरी भीती त्या ट्यूबची. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक मिश्रणांत जोरकस स्टिरॉइड असते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, म्हणून विश्वास बसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येते, गालावर लव वाढते. लावणे थांबवले की चेहरा लालभडक होऊन जळजळतो, म्हणून बाई ती पुन्हा लावते. अशी ट्यूब महिनोन्‌महिने वापरली असेल, तर रिकामी का होईना, ती सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जावे. ती किती वेगाने कमी करायची, हे तिच्यावर छापलेली नावे वाचून डॉक्टर ठरवतात.